मोडलेल्या झाडाची उंची

चन्नप्पा म्हेत्रे सरांकडे मार्क मागायला जाणं म्हणजे भिंतीला दूध मागणं. मूळ कानडी बोलणाऱ्या मैंदर्गीचे, सोलापुरात दहावीची भूमिती शिकवण्यात केस पांढरे केलेले. पण अर्धा मार्क फुकट दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. उंची-अंतराच्या गणिताला त्यांचा हिशोब ठरलेला. आकृतीला एक, टॅनच्या पायरीला एक, कोसच्या पायरीला एक, बेरीज करून एककासह उत्तर लिहिलं की शेवटचा एक. उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब असल्या, तर सर विचारत, "शिखरावर विमानानं उतरलास काय रे?"

पूर्वपरीक्षेचे पेपर वाटले त्या दिवशी सांगोल्याकडची पूनम वर्ग सुटला तरी हलेना. तिला दोन्ही गणितांत मिळून ऐंशीपैकी सव्वीस पडले होते. पास व्हायला अठ्ठावीस लागत. आणि संस्थेच्या वसतिगृहाचा नियम असा, की पूर्वपरीक्षेत नापास होणाऱ्यानं खाट रिकामी करायची आणि बोर्डाच्या पेपरला थेट घरून यायचं. म्हणजे पूनमनं ऐन अभ्यासाचे दिवस वाडीवर शेळ्यांमागं काढायचे. नियम करणाऱ्यांच्या घरी शेळ्या नसाव्यात.

मुख्याध्यापिका वच्छला मॅडम दारातच म्हणाल्या, "द्या हो सर दोन मार्क. बिचारी रडेल."

"मॅडम, दान करायचं तर देवळात करीन. पेपरात नाही."

पूनम रडली नाही. तिनं पेपर पुढं केला. "सर, ह्या झाडाच्या गणिताला तुमी दोनच दिलं. माझं उत्तर बरोबर हाय की."

सरांनी चष्मा चढवला. झाड वादळानं मोडून शेंडा बुंध्यापासून नऊ मीटरवर जमिनीला टेकलेला, तिथून मोडलेल्या जागेचा उन्नत कोन तीस अंश. पूनमची आकृती झकास. टॅन तीस बरोबर उंची भागिले नऊ, म्हणून उंची तीन रूट तीन. आणि तिथंच पूनमबाई थांबलेल्या!

"एनव्वा, काय गं हे, पडलेला तुकडा कुठं गेला? कोस तीसनं तो सहा रूट तीन येतो. दोन्ही मिळून नऊ रूट तीन. सगळ्या वर्गाला आलं."

"पडल्याला कशाला धरायचा, सर? आमच्या वाडीवर लिंब मोडला व्हता. पडल्याला शेळ्यांनी खाऊन टाकला. आता उंची विचारली तर उभा हाय तेवढीच सांगनार न्हवं?"

वच्छला मॅडमना हसू आवरेना. सर मात्र तडकले. "अगं, मोडण्यापूर्वीची उंची विचारलीय!"

"कुटं?"

सरांनी प्रश्नपत्रिका ओढली. बोट ओळीवरून सरकलं आणि थांबलं. 'झाडाची उंची काढा.' एवढंच. 'मोडण्यापूर्वीची' हा शब्द नव्हता. तो त्यांनीच उडवला होता. एका शब्दापायी पेपर दुसऱ्या पानावर जात होता आणि झेरॉक्सचा कागद वाचवल्याबद्दल त्या दिवशी ते स्वतःवर खूशही झाले होते. वर्गातल्या बाकीच्यांनी प्रश्न वाचलाच नव्हता. त्यांनी पाठ केलेलं झाड उभं केलं होतं.

सरांचे कान तापले. आयुष्यभर पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडलेला माणूस! क्षणभर त्यांना वाटलं, पेपर मिटावा, 'पुस्तकात असंच असतं' म्हणावं आणि चहाला जावं. पोरगी मुकाट खाटही रिकामी करील. तेवढ्यानंच त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मॅडम," ते म्हणाले, "प्रश्न मी चुकीचा काढला. त्याचे दोन अर्थ होतात, म्हणून दोन्ही उत्तरांना मार्क."

"म्हंजे चार?" पूनमचे डोळे चमकले.

"थांब." सरांनी लाल पेन काढलं, तीन रूट तीनच्या पुढच्या मोकळ्या जागेवर टेकवलं. "तीन रूट तीन काय? हात? वीत? मीटर कोण लिहिणार, तुझ्या शेळ्या? अर्धा मार्क कट. साडेतीन."

वच्छला मॅडम कळवळल्या. "अहो सर! साडेसत्तावीसच होतात की! अर्ध्या मार्कासाठी..."

"एकक नाही, अर्धा नाही."

पूनमचा चेहरा पडला. सरांनी मात्र सावकाश बेरीज केली, एकुणाच्या चौकटीत आधीचा सव्वीस खोडला आणि तिथं अठ्ठावीस लिहिलं.

"एकुणात अर्धा आला तर तो वरच जातो," ते पेपर तिच्या हातात कोंबत खेकसले. "शाळेचा नियम आहे. मी काही दिलेलं नाही."