हिंगमिरे सरांच्या पुस्तकातल्या चुका
बार्शीत डीटीपीचं काम करणाऱ्या रजनी तोडकरीनं आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं टाईप केलं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दशक्रियेची निवेदनं. पुस्तक मात्र एकच, हिंगमिरे सरांचा कथासंग्रह. आणि नाव खराब झालं ते त्या एकाच पुस्तकानं. पुस्तक चाललं नाही, आणि सर सत्कार असो की तेरावा, माईक हातात आला की सांगायचे, "छपाईच्या चुकांनी बुडवलं मला." गाव लहान. छपाईच्या चुका म्हणजे कोणाच्या, हे कोणी विचारत नसे. त्यानंतर पुस्तकाचं काम तिच्याकडे कधी आलं नाही. तिला ते लागलं होतं आणि लागूनच राहिलं होतं.

काचबिंदूनं सरांची नजर गेली तेव्हा त्यांच्या सुनेनं, ऋतुजानं, पुस्तकं वाचून दाखवणारं ॲप फोनवर घेतलं. सरांना पहिल्यांदा आपलंच पुस्तक ऐकायचं होतं. रजनीनं जपून ठेवलेली फाईल मागवून ऋतुजानं त्यावर चढवली, आणि फोन एस, डॉलर, टक्के असलं काहीबाही बडबडू लागला. पडद्यावरही तेच, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि तिरक्या रेघा.

"बघ," सर म्हणाले, "मशीनलासुद्धा वाचवेना. बोलव तिला."

रजनी आली, फोन बघितला आणि चष्मा पुसला. "ह्या चुका नाहीत, सर. तेव्हा आमच्या कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हती. आत इंग्रजी अक्षरंच असायची, फॉन्ट त्यांना वरून मराठी कपडे चढवायचा. ह्या ॲपकडे तो फॉन्ट नाही, म्हणून सगळी उघडी पडली."

"म्हणजे माझ्या गोष्टी नागड्या?"

"अक्षरं, सर. गोष्टी अंगभर आहेत."

ऋतुजा हसली. सर हसले नाहीत.

फाईल घेऊन रजनी दुकानात बसली. जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनला वाचता येईल अशा मराठीत, बदलणारा प्रोग्राम तिच्याकडे होता. फक्त मूळ फॉन्ट कोणता ते बरोबर सांगावं लागे, कारण प्रत्येक कंपनीनं कोणत्या कळेमागे कोणतं अक्षर लपवायचं ते आपापल्या मर्जीनं ठरवलं होतं. तिनं सांगितलं. निवेदन सुरेख उतरलं, पण माणसं बोलायला लागली की पुन्हा कचरा. मग तिला आठवलं. सरांनीच हट्ट धरला होता, माझी पात्रं वेगळ्या वळणात बोलली पाहिजेत. म्हणून तिनं संवाद दुसऱ्या कंपनीच्या तिरप्या फॉन्टमध्ये टाकले होते. आता मूळ फाईलमधून ते सगळे वेगळे काढून, त्यांच्या फॉन्टचं नाव देऊन बदलावे लागले. जागा चुकलेल्या वेलांट्या हातानं लावल्या. काम कंटाळवाणं होतं, तरी तिनं घाई केली नाही. ह्या खेपेस सर शब्दन् शब्द ऐकणार होते, आणि चूक सापडली नाही तर त्यांना तसं म्हणावं लागणार होतं. एवढं एक वाक्य तिला हवं होतं.

सरांच्या घरी दुपारचा चहा झाल्यावर तिनं नवी फाईल फोनवर चढवली. फोन वाचू लागला. बाईचा आवाज, सपाट, रडायच्या जागी न रडणारा. सर मान पुढे काढून ऐकत होते. पहिली गोष्ट झाली, दुसरी झाली. मधे एकदा त्यांनी "पुढं" म्हटलं, तेही हळू. तिसरी संपली तेव्हा त्यांनी हात वर केला. रजनीनं आवाज बंद केला.

"चूक कुठं आहे गं?"

"ऐकलंत की तुम्ही."

"ऐकलं. सापडली नाही."

मिळालं. रजनी पदर सारखा करून बसली. सरांनी धोतराचा सोगा बोटांत गुंडाळला, सोडला.

"मग का नाही चाललं पुस्तक?"

ऋतुजा कपबशा घेऊन आत गेली. रजनीकडे ह्याचं उत्तर होतं. इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेलं, धारदार: गोष्टींतच दम नव्हता. सरांचे डोळे भिंतीकडे होते आणि तोंड थोडं उघडं राहिलं होतं. तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही.

"बांधणीत घोळ झाला होता, सर," ती म्हणाली. "विकायला गेलेल्या प्रतींत तिसऱ्या गोष्टीची पानं उलटसुलट लागली. ते फाईलमध्ये नाही कळायचं. लक्ष माझंच नव्हतं."

सरांनी श्वास सोडला. पाठ ताठ झाली.

"मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होता, सर."

"सगळ्या गावाला सांगत होतो."

"हो," रजनी म्हणाली, आणि चौथी गोष्ट लावली.