चाळीस अख्खे चिंचोके

“कुठूनही मोजा, निम्मं व्हायला तेवढाच काळ लागला पाहिजे! कुठूनही!” पुण्याहून आलेले तपासनीस इतक्या जोरात ओरडले की इंदापूरच्या स्टँडवरची निम्मी माणसं एसटी सोडून मागं वळली असतील.

फळ्यावर आमच्या बारावीच्या सरांनी आलेख कागद डकवला होता. सर तासिका तत्त्वावरचे. तपासनिसांना आजचा पाठ आवडला तर कायम, नाहीतर घरी.

आमच्या कॉलेजात किरणोत्सर्गी पदार्थ कुठला असणार? सरांनी चिंचोके काढले. फोडलेला चिंचोका एका बाजूनं तपकिरी, दुसरीनं पांढरा. पांढरा पडला की अणू फुटला, उचलायचा. उरलेले मोजायचे, पुन्हा ट्रेमध्ये फेकायचे. दर फेकीला साधारण निम्मे कमी, म्हणजे अर्धायुकाल एक फेक.

“दोनशे चाळीस डाळी लागतील. कोण फोडतो?” सरांनी आदल्या दिवशी विचारलं होतं.

“मी! सर, दोन हजार सांगा, आमच्या नरसिंहपुरात मी नुसतं डोळं वटारलं तरी चिंचोकं फुटत्यात!” मी म्हणालो.

रात्री शंभर फोडले, दोनशे डाळी झाल्या. बोटं इतकी सुजली की खिशात मावेनात. उरलेल्या चाळिसाच्या जागी चाळीस अख्खे चिंचोके टाकले. दोन्हीकडून तपकिरी. कुणाच्या बापाला कळतंय?

आलेखाला कळलं. पहिल्या फेकीला एकशे चाळीस उरले, मग नव्वद, मग पासष्ट. पुढं वक्र खाली येईचना. चाळिसाजवळ भिगवणच्या रस्त्यासारखा आडवा पडला. दहा फेकी झाल्या तरी चाळीसच.

तपासनिसांनी पट्टी लावली. “दोनशे चाळीसवरून एकशेवीसला सव्वा फेक. एकशेवीसवरून साठला दोन. आणि साठवरून तीसला? सांगा की गुरुजी, जन्मभर थांबायचं का?”

सरांनी हातातला खडू मोडला. पुन्हा मोजलं. पुन्हा चाळीस. “कुठंतरी चुकलंय माझं,” एवढंच म्हणाले. मी ट्रे आवरतो म्हणून ते चाळीस चिंचोके खिशात कोंबले. कॉलेजभर फुशारक्या मारणारं माझं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बंद राहिलं, आणि नेमकं त्याच दिवशी उघडायला हवं होतं.

दिवाळीनंतर सर दिसले नाहीत. नवे सर आले, पुस्तकातला तयार आलेख काढायचे. तो खाली येत येत शून्याकडं जायचा, कुठंच अडायचा नाही. मला तो बघवायचा नाही. चिंचोके गावी नेऊन नदीत टाकले. त्यानंतर त्या नदीचं पाणी मला कधी गोड लागलं नाही, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

चार वर्षांनी बारामतीत खतांच्या दुकानात गेलो. गल्ल्यामागं सर. केस निम्मे पिकलेले.

“सर, त्या दिवशी चाळीस चिंचोके अख्खे होते. मीच टाकलेले.”

सरांनी पावतीपुस्तक ओढलं.

“बरं. युरिया किती गोण्या?”