दादाने मॉनिटरला दिलेलं काम

दादा गेमिंग कॅफेत मशीनं दुरुस्त करायचा. चालत्या यंत्रालाही हात लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

बहीण तिथेच संगणकावरचा खेळ कमी रिझोल्यूशनवर, म्हणजे कमी ठिपक्यांच्या छोट्या चित्रावर खेळायची. खेळाच्या संघाच्या निवडचाचणीआधी त्याने चित्र पडद्याएवढं ताणायचं काम ग्राफिक्स कार्डाकडून काढून मॉनिटरला दिलं.

"चित्र दिसायला लागणारा तेवढाच उशीर वाचेल."

"दादा, चांगलं चाललंय, कशाला हात लावतोस?"

"गप गं, शहाणे!"

ती हरली. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती.

"हातच जड झाले रे," ती म्हणाली.

त्याने मॉनिटरचा मेन्यू उघडला. कार्ड ताणून पूर्ण आकाराचं चित्र पाठवायचं, तेव्हा मॉनिटर सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलायचा. कमी रिझोल्यूशन थेट आल्यावर फक्त साठ.

त्याने मेन्यू बंद केला.

"सराव कमी पडला तुझा," तो म्हणाला.