साक्रीच्या किराणा दुकानातली घरखर्चाची वही

मित्रहो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. साक्रीत नानांच्या किराणा दुकानात गेलं की मूठभर शेंगदाणे तोंडात टाकणं हा माझा सनातन अधिकार. आज नानांच्या मुलीनं, पल्लवीनं, ते आधी तोलले आणि वहीत लिहिले. "काका, आठ रुपये. पाहुणचार."

वहीला कारण आहे. गिऱ्हाईक भरपूर, तरी होलसेलवाल्याला द्यायला पैसे उरत नव्हते. नाना दुकान भाड्यानं देऊन टाकायला निघाले होते.

पल्लवी म्हणाली, महिनाभर थांबा. गल्ल्यातून किंवा फळीवरून घरात जे जाईल ते लिहायचं: तारीख, वस्तू, कोणी नेली, खरेदीचा भाव. तेल, साबण, गॅसचे पैसे, सगळं.

नाना कुरकुरले होते, "घरनंच दुकान शे, लिखानं कसाले?"

आज माझ्यासमोर बेरीज झाली. महिन्याचा नफा वीस हजार. घरात गेले पंचवीस. वरचे पाच हजार होलसेलवाल्याचे होते.

"दुकान तोट्यात नाही, नाना," पल्लवी म्हणाली. "आता घराला महिन्याला अठरा हजार. फळीवरचा साबणसुद्धा त्यातूनच विकत घ्यायचा."

"मंग आपलं दुकान राही ना?"

"राहतंय."

नानांनी तिथंच ठरवलेल्या भाडेकरूला फोन करून नाही म्हटलं आणि खुर्चीत सैल बसले. मलाही हायसं वाटलं.

तुमच्या घरी कोण लिहितं? आमच्याकडे कोणीच नाही. पुढच्या वर्षी मुलीला पुण्याला शिकायला पाठवायचंय, आणि आमच्या घराला महिन्याला किती लागतात हे मला माहीत नाही. त्याची मला भीती वाटते.