दिवाकरकाकांची काळी जीभ

आमच्या झाशीतल्या मराठी बायका दिवाकरकाकांना काळ्या जिभेचे म्हणतात. हे नाव त्यांना आमच्या घराने दिलं. मी त्या घरातली थोरली सून रेवती, आणि खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काका सदर बाजारात नीरज भैयांच्या औषधांच्या दुकानात मदतनीस आहेत. एकतीस वर्षं झाली. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. काकांचं मराठी जुन्या वळणाचं आहे. भाजीला अजून ‘शाक’ म्हणतात. माणूस चिकट, म्हणजे पैशाने नव्हे, कामाने. खोकल्याचं औषध मागा, आधी विचारणार: कोरडा की ओला, कोणाला, वय काय, रक्तदाब आहे का. घाईतलं गिऱ्हाईक वैतागून जातं. मीही वैतागायची.

माझी धाकटी जाऊ जाई तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. दोन जिने चढली की धापा टाकायची, तोंड पांढरं पडायचं. सासूबाईंचं एकच पालुपद, तिला ‘शक्तिकांता’ आणून द्या. आमच्या कॉलनीत हे टॉनिक घरोघरी असतं. कंबर दुखली, पाळी बिघडली, नुसता कंटाळा आला तरी बायका दोन चमचे घेतात. ऑगस्टमधल्या एका दुपारी मी जाईला घेऊन ऑटोने सदरला गेले.

काकांनी बाटली काढली, काउंटरवर ठेवली आणि जाईकडे पाहिलं. मग हात बाटलीवरच ठेवून विचारलं, “सूनबाई, कितवा?”

“पाचवा,” जाई लाजून म्हणाली.

“मग हे तुम्हाला नाही देता येणार.”

शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मला राग आला. म्हटलं, “काका, आयुर्वेदिक आहे. सगळ्या घेतात.”

त्यांनी भिंग काढलं आणि बाटली फिरवून मागचं बारीक हिंदी मला वाचायला लावलं. गर्भवती महिलाएँ चिकित्सक की सलाह के बिना सेवन न करें. त्याखाली लिहिलं होतं, स्वयं उत्पन्न अल्कोहल, दहा टक्क्यांपर्यंत. “हे आसव आहे, आंबवून करतात, म्हणून दारू त्यात आपोआप तयार होते. आईच्या रक्तातून ती बाळाकडे जाते. आणि हे पाहा, घृतकुमारी. म्हणजे आपली कोरफड. तिने ढाळ होतात, गर्भाशयालाही कळा येऊ शकतात. बाकीच्या बायकांचं औषध आहे हे, पोटुशीचं नव्हे. पोटातल्या जिवाला अपाय होईल, लेकी.”

हे शेवटचं वाक्य. पुढे सगळं त्याच्यावरच फिरलं.

मग ते जाईशी बोलत बसले. सरकारी दवाखान्याच्या आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या घेतेस का? जाईने नाही म्हणून मान हलवली. गोळ्यांनी मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून तिने सोडल्या होत्या. काका म्हणाले, काळं होणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही. रात्री जेवण झाल्यावर घ्या, वर लिंबू पिळलेलं पाणी. चहा, दूध त्याच्या आसपास नको, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, एकत्र घेतली तर लोह अंगी लागत नाही. मग मला म्हणाले, “त्यांची खालची पापणी ओढून पाहा.” मी पाहिली. आत लाली अशी नव्हतीच.

“उद्याच हिमोग्लोबिन तपासा. अकराच्या खाली म्हणजे कमी. सातच्या खाली गेलं तर गोळ्यांचं काम नाही, इस्पितळच. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर तपासतात, तीही चुकवू नका.” कागदावर सगळं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. एका पैशाची विक्री झाली नाही.

घरी सासूबाईंनी कागद पाहिलासुद्धा नाही. “दुकानदार कधीपासून डॉक्टर झाला?” म्हणाल्या. संध्याकाळी मी पुन्हा सदरला गेले. काकांच्या दुकानापासून चौथ्या दुकानात म्हटलं, मलाच हवंय. त्यांनी काही न विचारता बाटली पिशवीत घातली. घरात कटकट नको, एवढाच माझा हिशोब.

जाई रोज दोन वेळा टॉनिक घेऊ लागली. गोडसर लागायचं, तरतरी आल्यासारखं वाटायचं. टॉनिक चालू आहे म्हटल्यावर गोळ्यांचा विषय संपला, तपासणी पुढच्या आठवड्यावर गेली, आणि तो पुढचा आठवडा काही आला नाही. ऑक्टोबरात सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले, श्वास पुरेना. इस्पितळात हिमोग्लोबिन पाचाच्या खाली निघालं. रक्त चढवायला घेतलं तोवर कळा सुरू झाल्या होत्या. मुलगा झाला, तळहाताएवढा. दोन दिवस काचेच्या पेटीत होता. तिसऱ्या पहाटे गेला.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या किती घेतल्या? सासूबाई म्हणाल्या, टॉनिक देत होतो. डॉक्टर लिहीत राहिल्या.

घरी आल्यावर सासूबाईंना एकच वाक्य आठवलं. पोटातल्या जिवाला अपाय होईल. “भरल्या पोटाच्या बाईसमोर असं बोलतात? काळ्या जिभेचा मेला!” भेटायला आलेल्या प्रत्येकीला त्यांनी हे सांगितलं. आम्ही इथे मूठभर मराठी, दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. मी पाणी द्यायला, चहा द्यायला आत-बाहेर करत होते. एका शब्दाने सांगितलं नाही की त्या माणसाने वाचवायलाच बघितलं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकांच्या बायकोला, इंदिराकाकूंना, बोलावणं गेलं नाही. मराठी बायका औषधांसाठी चौथ्या दुकानात जाऊ लागल्या. नीरज भैया वाईट माणूस नाही, पण तोही म्हणाला, “दादा, इतना मत बोला करो. जो माँगे, चुपचाप दे दो।”

मार्चमध्ये मी जाईच्या लोहाच्या गोळ्या आणायला काकांकडे गेले. दुसरीकडे जायला तोंड होतं, इथे यायला नव्हतं, तरी गेले. दुकानात आणखी कोणी नव्हतं. काकांनी गोळ्यांचं पाकीट पुढे केलं आणि विचारलं, “धाकट्या सूनबाईंचं आता किती आहे?”

“साडेनऊ.”

“वाढतंय. तीन महिने सोडू नका म्हणावं.”

मला राहवेना. म्हटलं, “काका, ते टॉनिक आम्ही त्याच दिवशी घेतलं होतं. मी घेतलं होतं. तिला पाजलं.”

ते पाकिटावर वेळ लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “ठाऊक आहे मला. बाळ गेल्यावर त्या चौथ्या दुकानवाल्याने चहा पिताना सांगितलं, तुमची मराठी बहूजी ऑगस्टात आमच्याकडून बाटली घेऊन गेली म्हणून.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? कोणालाच का नाही सांगितलं?”

आता त्यांनी वर पाहिलं. डोळे भरलेले होते.

“काय सांगू? टॉनिकनेच झालं असं डॉक्टरही छातीठोक सांगायचे नाहीत. रक्तच नव्हतं तिच्यात. पण मी तोंड उघडलं असतं तर बायकांनी तिच्याकडेच बोट दाखवलं असतं, आणि ती पोर जन्मभर म्हणत बसली असती, मीच प्यायले, मीच मारलं. त्यापेक्षा माझी जीभ काळी असलेली बरी.”

त्यांनी गोळ्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. घरी आले तेव्हा सासूबाई ओट्याशी होत्या. त्यांनी विचारलं, कुठून आणल्या. मी सांगितलं, दिवाकरकाकांकडून. त्या काही बोलायच्या आत जाई बाहेर आली आणि माझ्या हातातलं पाकीट घेऊन त्यावरचं अक्षर वाचत उभी राहिली. काका गप्प का राहिले ते सांगायला मी तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.