सव्वीसमधला सहा

सात रस्ता चौकाजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी तपासनीस आहे. आई गेल्यावर काही महिन्यांनी बाबा वाचायच्या चष्म्यासाठी आले. नंबर काढून झाला. रंगांच्या तपासणीचं नवं पुस्तक टेबलावर होतं, म्हणून मी सहज म्हटलं, "बाबा, ठिपक्यांतले आकडे वाचा की."

खिडकीच्या उजेडात पहिलं पान धरलं. "बारा," ते म्हणाले. ते सगळ्यांनाच दिसतं. पुढच्या पानावर आठ होता.

"तीन."

एकोणतीसला ते सत्तर म्हणाले, चौऱ्याहत्तरला एकवीस. लाल-हिरव्याची गल्लत असलेला माणूस तसंच वाचतो. पण नेमका लाल कमी की हिरवा, ते शेवटच्या पानांवर कळतं. मी सव्वीस आकड्याचं पान पुढे केलं.

"सहा."

"त्याच्या आधी काही?"

"न्हाय. नुसता सहा हाय."

बेचाळीसमध्ये त्यांना फक्त दोन दिसला. दोन्ही पानांवर पहिला आकडा लालसर ठिपक्यांचा, दुसरा जांभळट. हिरव्यात खोट असती तर ते 'दोन' आणि 'चार' म्हणाले असते. त्यांचा लालसर आकडाच करड्या ठिपक्यांत विरून गेला होता. दोष लालचा होता. अशांना गडद लाल जवळजवळ काळा दिसतो.

मी पुस्तक मिटलं आणि मला एकदम कारखाना आठवला. मी शाळेत असताना बाबा यंत्रमागावर चादरी विणायचे. एकदा गडद लाल सुताच्या कांडीच्या जागी त्यांनी काळी लावली आणि अख्खी पाळी तशीच विणली. सगळा माल वाया गेला. पिऊन आला असणार, असं म्हणून मालकांनी काढून टाकलं. बाबांनी दारूला कधी तोंड लावलं नव्हतं. पुढं ते रखवालदार झाले. आईनंही ते दारूचं खरं मानलं. भांडणात हटकून तो विषय काढायची.

मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे जन्मापासनं?"

"हो. यात तुमची काही चूक नाही, बाबा."

"तुज्या आईला हे सांगायला पायजे हुतं."



मग म्हणाले, "कागदावर लिहून दे." डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बाबा मालकांच्या घरी गेले. मीही सोबत होते. मालक आता थकलेत, खुर्चीतच असतात. त्यांनी कागद दोनदा वाचला, बाबांकडे नीट पाहिलं.

"तुम्ही आमच्याकडं होता का?" त्यांनी विचारलं. "कोणती चादर? मला काही आठवत नाही हो."

"असू द्या, मालक," बाबा म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. मालकांच्या सुनेनं चहा आणला. तो बाबांनी संपवला, कप खाली ठेवला आणि ते उठले.

रिक्षात मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी काढून घेतला नाही, पण घर येईपर्यंत माझ्याकडे पाहिलंही नाही.