भाचीसाठी मी निवडलेली नोकरी

माझी भाची वनस्पतिशास्त्राची पदवीधर. घरात तिला सगळे भिंग म्हणतात, कारण पानाची शीर असो की सदऱ्याची शिवण, डोळ्यांजवळ नेऊन बघितल्याशिवाय ती सोडत नाही. मी तिची मावशी, एका मोठ्या कंपनीच्या आयटी सपोर्टमध्ये अकरा वर्षं. मीही इतिहासवाली, कॉम्प्युटरचं काही शिकले नव्हते. त्यामुळे घरात या विषयावर शब्द माझाच चालायचा. चालायचा म्हणजे काय, मी दुसऱ्या कुणाला तोंडच उघडू द्यायचे नाही.

एकाच आठवड्यात तिला दोन जागा चालून आल्या. एक छोट्या कंपनीत टेस्टिंगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची, सहा महिन्यांच्या करारावर. दुसरी आमच्याकडे सपोर्टची, कायमची.

टेस्टिंगच्या मुलाखतीहून ती आली ती उड्या मारतच. "मावशी, वेबसाइटवरचं दवाखान्याची वेळ ठरवायचं एक पान दाखवलं आणि विचारलं, यात काय काय तपासशील? मी चाळीस गोष्टी लिहिल्या! मागची तारीख टाकली तर? नावाची जागा कोरी सोडली तर? आणि अगं, टेस्ट केसेस मीच लिहायच्या म्हणे. दुसऱ्याच्या यादीवर नुसत्या खुणा करायच्या नाहीत."

याहून चांगलं लक्षण कुठलं हवं होतं? पण माझ्या कानात एकच शब्द शिरला, करार. "सहा महिन्यांनी काय करशील? घरी बसून पानं बघशील? मुकाट्यानं आमच्याकडे ये. वर्षभर फोन घे, मग आतल्या आत टेस्टिंगला बदली मिळते. मी दोघांना जाताना पाहिलंय."

पाहिलं होतं, खोटं नाही. ते दोघं कुठल्या गुणांवर गेले, ते मात्र मी तिला सांगितलं नाही. मलाच ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. तिची आई, माझी ताई, म्हणाली, "तू सांगशील तसं." भिंगानं छोट्या कंपनीला नकार कळवला.

सपोर्ट वाईट नाही. मी त्याच्यावरच उभी राहिले, आणि ज्यांना माणसांशी बोलायला, मशीन झटपट चालू करून द्यायला आवडतं, ती पोरं तिथून सर्व्हर सांभाळण्यापर्यंत जातात. पण आमच्याकडे एक फोन आठ मिनिटांत संपवावा लागतो. त्यावरच गुण.

गोदामातल्या एका कारकुनाची नोंद सेव्ह करताना अधूनमधून गायब व्हायची. बाकीच्यांनी त्याला प्रोग्राम बंद करून परत उघडायला सांगितलं आणि तक्रारीचं तिकीट मिटवलं. भिंग अडतीस मिनिटं त्याच्याबरोबर बसली. पाइपच्या मापात इंचाची खूण टाकली की नोंद पुसली जाते, हे तिनं शोधलं आणि पायरीपायरीनं लिहून टेस्टिंग विभागाला पाठवलं. टेस्टिंगच्या मुख्य बाईंनी विचारलं, "इतकं नेटकं कुणी लिहिलं?"

त्या सहामाहीत तिला पाचपैकी दोन गुण मिळाले.

मी तिला जिन्यात गाठून झापलं. "फार शहाणपणा नको. माणसाचं काम चालू करून दे, फोन ठेव, मोकळी हो. गुण राहिले नाहीत तर बदली कशी मिळेल?" तिनं मान डोलावली. पोर ऐकणारी, तिथंच घात झाला. पुढच्या सहामाहीत पाचपैकी चार.

वर्ष झालं, टेस्टिंगमध्ये जागा निघाली. बाईंनी तिचंच नाव घेतलं. पण बदलीच्या अर्जाला मागच्या दोन्ही सहामाहींत किमान तीन गुण लागतात. पहिलीतले ते दोन आडवे आले, अर्ज पुढे सरकलाच नाही. मी मनुष्यबळ विभागात जाऊन भांडले, हातापाया पडायचीच बाकी राहिले. नियम म्हणजे नियम. आणि टेस्टिंगला पुढची जागा कधी निघेल, ते कुणी सांगेना.

मग बाहेर शोधाशोध. नवख्यांच्या जागांना यंदाचे नाहीतर गेल्या वर्षीचे पदवीधर हवे होते, आणि तिला पदवी घेऊन दोन वर्षं होत आली होती. अनुभवींच्या जागांना टेस्टिंगचाच अनुभव हवा होता. छोट्या कंपनीला तिनं लाजत फोन केला. तिच्या जागी घेतलेली मुलगी कायम झाली होती, आणि आता त्यांना प्रोग्रामिंग करून आपोआप चालणाऱ्या चाचण्या लिहिणारं माणूस हवं होतं.

ताईनं नेहमीसारखाच माझ्यापुढे चहा ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

परवा सकाळी कामासाठी तिच्या मजल्यावर गेले होते. भिंग फोनवर होती. "दर सोमवारीच बंद पडतं? बरं. मशीन बंद करून चालू करा... झालं ना? तिकीट बंद करते."

तीन मिनिटंही झाली नव्हती. मला राहवलं नाही. "काय गं, सोमवारीच का होत असेल?"

"असेल काहीतरी," ती म्हणाली, आणि तिनं पुढचा फोन घेतला.